कात्रीनं कापलेल्या दोन गोळ्या

गेल्या महिन्यात एका मंगळवारी संध्याकाळी मी आत्याबाईंच्या शुगरच्या गोळ्या घ्यायला मेडिकलवर उभी होते. माझ्या पुढे एक मुलगी होती. सतरा-अठरा वर्षांची, पाठीवर क्लासची जड बॅग, तोंडाला स्कार्फ. लातुरात अशा मुली रस्त्यारस्त्यावर दिसतात. गाव सोडून, खोली करून, डॉक्टर व्हायला आलेल्या. काउंटरवर दोन-तीन पुरुष गिऱ्हाइकं होती, म्हणून ती ताटकळत बाजूला थांबली होती. गिऱ्हाइकं गेल्यावर ती पुढं सरकली आणि इतक्या हळू बोलली की दुकानदारानं दोनदा विचारलं. शेवटी ती म्हणाली, "उन्हाळी लागलीय." त्यानं काही न विचारता मागच्या खणातून एक पट्टी काढली, कात्रीनं दोन गोळ्या कापल्या, कागदी पुडीत घातल्या. "एक आत्ता, एक सकाळी. पाणी लई पी." मुलीनं पैसे दिले, पुडी मुठीत दाबली आणि गेली. ती जाताना एका पायावरून दुसऱ्या पायावर ज्या तऱ्हेनं भार देत होती, ती चाल माझ्या ओळखीची होती. मी काहीच बोलले नाही.

ती कात्रीची कच्च अशी झालेली आवाजाची रेघ अजून कानात आहे.

मी औसा तालुक्यातल्या एका गावात शिक्षिका आहे. रोज लातूरहून एसटीनं जाऊन-येऊन. आमच्या भागात 'उन्हाळी लागणे' हा शब्द सगळ्यांना कळतो आणि त्याच शब्दाआड सगळं झाकलंही जातं. लघवीला जळजळ होते, थेंब-थेंब होते, दहा मिनिटांनी पुन्हा जावंसं वाटतं, ओटीपोटात ओढ लागते. हे सगळं एका शब्दात मावतं आणि दोष उन्हावर जातो. माझी आई धने-जिरे रात्रभर भिजत घालून सकाळी ते पाणी गाळून द्यायची, सब्जा द्यायची. थंड पेल्याला बोटं लावली की अर्धं दुखणं तिथंच उतरल्यासारखं वाटायचं. शब्द अगदीच खोटाही नाही. उन्हात घाम जातो, लघवी कमी आणि गडद होते, मूत्राशय दिवसभर धुतलं जात नाही. पण दुखणं उन्हाचं नसतं. ते जंतूचं असतं, आणि बहुतेक वेळा तो जंतू बाहेरून कुठून येत नाही. आपल्याच आतड्यात राहणारा ई. कोलाय असतो. बाईची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटर, त्यामुळे त्याला वर चढायला फार प्रवास करावा लागत नाही.

हे मला चाळिशीला आल्यावर कळलं. त्याआधी एका वर्षात मला पाच वेळा उन्हाळी लागली होती. पहिली वैशाखातल्या एका लग्नात, दुसरी शाळा सुरू झाल्यावर जूनमध्ये, मग गणपतीत, दिवाळीच्या सुट्टीत आणि संक्रांतीच्या आसपास. थंडीत लागली तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "थंडीत कशी बाई उन्हाळी?" आणि मलाही उत्तर नव्हतं. पहिल्या चारही वेळी मी त्या मुलीसारखीच मेडिकलवर गेले होते. दोन गोळ्या, कधी तीन. संध्याकाळपर्यंत आग कमी व्हायची, दुसऱ्या दिवशी मी शाळेत असायचे. गणपतीतल्या वेळी मात्र तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप आला, उजव्या कुशीत पाठीमागं ठणका लागला, उलटी झाली. तेव्हा दवाखान्यात सलाईन लावावं लागलं आणि 'किडनीपर्यंत गेलं होतं' एवढंच कोणीतरी सांगितलं. मी ते वाक्य घरी आणलं आणि विसरून गेले. ताप, हुडहुडी, कुशीतला ठणका, उलटी यांतलं काहीही जळजळीबरोबर आलं तर ती मूत्राशयापुरती गोष्ट राहिलेली नसते, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असतो; आणि दिवस गेलेले असतील तर ताप नसतानाही. हे मला त्या वेळी कोणी नीट बसवून सांगायला हवं होतं.

जळजळीपेक्षा जास्त छळायची ती लाज. वारंवार होतंय म्हणजे आपणच कुठंतरी अस्वच्छ आहोत, असं मला आतून वाटायचं. मी दिवसातून तीन-तीनदा साबणानं धुवायला लागले. जाहिरातीतला, गुलाबी बाटलीतला वॉश आणला. त्यानं कोरडेपणा आला, खाज आली, आणि उन्हाळी काही थांबली नाही. नवऱ्याला सांगायचं तर तो काळजीनं विचारायचा, "काही चुकीचं खाल्लंस का?" आणि मी हो म्हणायची.

पाचव्या वेळी एका मैत्रिणीनं ओढत डॉक्टरबाईंकडं नेलं. त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही की खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाल्या, "ताई, हे घाणीमुळं होत नाही. धुणं कमी करा." मला तिथंच रडू आलं. योनीमार्गात चांगले जंतू असतात, ते तिथं आंबटपणा टिकवतात आणि त्या आंबटपणात ई. कोलायला पाय रोवता येत नाहीत. साबणानं आणि वॉशनं आपण आपलेच राखणदार हाकलतो, असं त्यांनी समजावलं. साधं पाणी, बाहेरून, बस्स. शौचानंतर पुढून मागं पुसायची सवय चांगली, संबंधानंतर लघवी करून घ्यायची सवयही चांगली, पण त्यांचा पुरावा कच्चा आहे, त्या पाळूनही झालं तर स्वतःला दोष देऊ नका, असंही त्या म्हणाल्या. इतक्या सरळपणे 'याचा पुरावा कच्चा आहे' म्हणणारी डॉक्टर मला पहिल्यांदा भेटली होती.

मग त्यांनी लघवी कल्चरला, म्हणजे तिच्यातला जंतू वाढवून बघायच्या तपासणीला, पाठवली. दोन दिवसांनी रिपोर्ट आला: वाढ नाही. मी चक्रावले. इतकी आग होत असताना जंतूच नाही? त्यांनी विचारलं, "येण्याआधी काही घेतलं होतं?" घेतलं होतं. आदल्या रात्री आणि त्या सकाळी, मेडिकलवाल्यानं कापून दिलेल्या दोन गोळ्या. त्या दोन गोळ्यांनी जंतू एवढा दाबला की प्रयोगशाळेच्या ताटलीत उगवला नाही, पण माझ्या पोटात मात्र तो शिल्लक होता. तीन आठवड्यांत पुन्हा जळजळ सुरू झाली. एवढ्या लवकर परतलेलं दुखणं नवं नसून जुनंच अर्धवट राहिलेलं असू शकतं.

त्या सहाव्या वेळी मी आधी डबी घेतली, मग गोळी. हा क्रम मी आता कोणालाही सांगते. प्रयोगशाळेत जाऊनच नमुना दिला, कारण लघवी दोन तासांत तपासायला लागली पाहिजे, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवावी लागते. गावाकडून बसच्या उन्हात तास-दीड तास आणलेल्या बाटलीत कुठलेही जंतू वाढतात आणि रिपोर्ट भलतंच सांगतो. आधी साध्या पाण्यानं धुवायचं, कडा बोटांनी बाजूला धरायच्या, सुरुवातीची लघवी सोडून द्यायची आणि मधली धार डबीत घ्यायची. डबीच्या आत बोट लावायचं नाही. एवढंच. डॉक्टरबाईंनी डबी माझ्यापासून घेताना विचारलं, "अजून काही घेतलं नाही ना?" आणि मी नाही म्हणताना मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं.

या वेळी रिपोर्टवर ई. कोलाय आला, मिलिलीटरला लाखाच्या वर. खाली औषधांची यादी. नॉरफ्लॉक्सासिनपुढं आर, सिप्रोफ्लॉक्सासिनपुढं आर. आर म्हणजे त्या औषधाला हा जंतू दाद देत नाही, फार तर तेवढ्यापुरता दबतो, मरत नाही. नायट्रोफ्युरँटॉइनपुढं एस, फॉस्फोमायसिनपुढं एस. मी वर्षभर जी पट्टी कापून घेत होते ती नॉरफ्लॉक्सासिनची होती. मग दर वेळी आग कमी कशी व्हायची? डॉक्टरबाई म्हणाल्या, त्या दिवशी तुम्ही तांब्यातांब्यानं पाणीही पीत होता ना. आणि साधी उन्हाळी पुष्कळदा अंगाच्या ताकदीनंच उतरते. सगळं श्रेय मात्र गोळीला जात होतं. आपल्या देशात या गटातल्या औषधांना ई. कोलाय मोठ्या प्रमाणावर सरावला आहे, त्यामुळं रिपोर्ट न बघता ती देणं म्हणजे अंधारात दगड. मला नायट्रोफ्युरँटॉइन शंभर मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर, पाच दिवस मिळालं. पूर्ण पाच. दोन दिवसांत बरं वाटलं तरी पट्टी संपवली. किती दिवस घ्यायचं हे औषधागणिक बदलतं. फॉस्फोमायसिनची तीन ग्रॅमची एक पुडी हाच त्याचा पूर्ण डोस असतो. म्हणजे दोन गोळ्या कमी आहेत म्हणून चूक नाही, त्या कोणत्या औषधाच्या, कोणत्या हिशेबानं, हे न ठरवता कापल्या जातात म्हणून चूक.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं की त्याला 'वारंवार' म्हणतात. मी ती रेघ केव्हाच ओलांडली होती. तरी रोजची प्रतिबंधक गोळी त्यांनी लगेच दिली नाही. आमच्या माहेरी मुतखड्याची पिढीजात देणगी आहे, म्हणून सोनोग्राफी केली. लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते तेही पाहिलं. प्रत्येकीला हे लागतं असं नाही. माझ्यात खडा नव्हता, उरतही फारसं नव्हतं. शुगर तपासली, ठीक होती. मग त्यांनी एक वही करायला सांगितली. तारीख, किती पाणी प्यायलं, किती वेळा गेलात, पाळी, संबंध, प्रवास. शेवटच्या रकान्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज जराही बदलला नाही, म्हणून मलाही लिहिता आलं. संबंधानंतर दिवस-दोन दिवसांतच दर वेळी त्रास होत असेल तर रोज औषध लागत नाही, त्या वेळेपुरती एक गोळी पुरते, म्हणून ते विचारायचं असतं. माझ्या वहीत ती सांगड दिसली नाही.

दिसलं ते दुसरंच.

वहीच्या पहिल्या आठवड्यात मी पाण्याच्या रकान्यात खरे आकडे लिहिले आणि रविवारी बेरीज केली. शाळेच्या दिवशी, सकाळी साडेसहाला घरून निघाल्यापासून दुपारी साडेतीनला परत येईपर्यंत, मी अर्धा लिटर पाणीसुद्धा पीत नव्हते. लघवीला त्या नऊ तासांत एकदा, कधी एकदाही नाही. मला ते कधी जाणवलंच नव्हतं. बाटली मी रोज भरून न्यायची आणि रोज जवळजवळ भरलेली परत आणायची. शाळेचं बाईमाणसांचं स्वच्छतागृह कुलूपबंद, किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात. मागायला जायचं तर स्टाफरूममधून, सगळ्यांसमोरून. आत गेलं तर नळाला पाणी नाही, बादली बाहेरच्या टाकीतून भरून न्यायची. बसस्टँडवरच्या स्वच्छतागृहात पाय ठेवायचा तर पदर नाकाला लावावा लागतो. या सगळ्यावर शरीरानं स्वतःच उपाय शोधला होता: तहान लागू न देणं. एसटीत शेजारची बाई बाटली पुढं करायची आणि मी न विचार करता म्हणायची, "नको, आत्ताच प्यायले."

ही सवय कुठून आली याचा विचार करताना मला 2016 चा एप्रिल आठवला. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा. स्टेशनवर लोक बघायला गेले होते. आमच्या गल्लीत आठ-आठ दिवसांनी टँकर, आणि त्या आवाजाला झोपेतून उठून घागरी घेऊन पळणं. घरात पाण्याच्या उतरंडीला एक क्रम होता. आधी स्वयंपाक, मग मुलांची आंघोळ, मग देव, मग उरलंसुरलं. संडासात ओतायला लागणारं पाणी वाचावं म्हणून मी आणि आत्याबाई दिवसा जाणंच टाळायचो. ते आम्ही कधी ठरवलं नव्हतं, कोणी सांगितलंही नव्हतं. पुरुषांना अडत नव्हतं, ते बाहेर जायचे. पावसाळे पुढं बरे झाले, नळाला पाणी आलं, पण अंगात बसलेली काटकसर तिथंच राहिली. लोकांना घागर घागर पाणी वाढताना आपल्या पेल्यात आखडता हात घ्यायचा, हे कितीजणी करत असतील.

डॉक्टरबाईंनी मला 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. वारंवार उन्हाळी लागणाऱ्या, दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या 140 बायका. अर्ध्यांना रोजच्या पिण्यावर आणखी दीड लिटर साधं पाणी प्यायला लावलं. वर्षभरात नेहमीसारखं पिणाऱ्यांना सरासरी 3.2 वेळा त्रास झाला, जास्त पिणाऱ्यांना 1.7 वेळा. "जवळजवळ निम्म्यानं कमी," त्या म्हणाल्या, "पण शून्य नाही, हे लक्षात ठेवा." हृदयाचं किंवा किडनीचं दुखणं असून पाणी मोजून प्यायला सांगितलेल्यांनी मात्र हे विचारल्याशिवाय करायचं नाही.

मी मुख्याध्यापकांकडं गेले. बोलायचं ठरवून तीन दिवस परत फिरले, चौथ्या दिवशी बोलले. किल्ली आता दाराशेजारच्या खिळ्याला असते. बादली भरून ठेवायचं काम शाळेच्या मावशींवर न टाकता आम्ही तिघी शिक्षिकांनी वाटून घेतलं. मी तीन वेळा ठरवल्या: बस सुटण्याआधी अर्धा लिटर, मधल्या सुट्टीआधी अर्धा, शाळा सुटण्याआधी तासभर अर्धा. आणि लागली नसली तरी मधल्या सुट्टीत जाऊन यायचं. पहिले पंधरा दिवस फार अवघड गेले. बसमध्ये जीव मुठीत धरून बसावं लागायचं. मग शरीर सरावलं. लघवीचा रंग बदलला, चहासारखा होता तो लिंबाच्या पाण्यासारखा फिका झाला.

आणि तरी, पाच महिन्यांत दोनदा पुन्हा लागली. दोन्ही वेळा कल्चरमध्ये तोच ई. कोलाय. दुसऱ्या वेळी दवाखान्याच्या बाकावर बसून मी वही उघडली, पाण्याचे सगळे रकाने भरलेले होते. मला फसवल्यासारखं वाटलं. सगळं केलं की मग का? डॉक्टरबाई म्हणाल्या, काही जणींच्या मूत्राशयाच्या अस्तराला हे जंतू चिकटतात जास्त सहज, ते अंगातच असतं, तुमच्या वागण्यात नसतं. ते ऐकून बरंही वाटलं आणि वाईटही. आधीच्या हिशेबानं वर्षाला पाच-सहा होत होत्या, आता त्याच चालीनं चार-पाच झाल्या असत्या. तेव्हा कुठं त्यांनी रोजच्या बारीक डोसाचा विषय काढला.

इथं माझा जो गोंधळ झाला तो सांगायलाच हवा, कारण तो पुष्कळजणींचा होतो. त्या म्हणाल्या, नायट्रोफ्युरँटॉइन पन्नास मिलिग्रॅम, रात्री एक. मी म्हणाले, "म्हणजे मेडिकलवाला देतो तसंच की. थोडं थोडं." त्यांनी पेन खाली ठेवलं. नाही, म्हणाल्या, बरोबर उलट आहे. तो चालू आजारात अपुरं औषध देतो. मी आजार नसताना, पुन्हा होऊ नये म्हणून देते. म्हणून आधी लघवी स्वच्छ असल्याचा रिपोर्ट पाहिजे. जंतू आत असताना बारीक डोस सुरू करायचा नसतो, आधी पूर्ण इलाज, मग राखण. रात्रीच का, तर झोपेत सात-आठ तास लघवी मूत्राशयात साचून राहते, जंतूंना तेवढाच निवांत वेळ मिळतो. तेव्हाच औषध तिथं असावं. हे औषध लघवीत उतरतं, रक्तात फार साठत नाही. त्यामुळंच ते मूत्राशयाची राखण करतं आणि त्यामुळंच किडनीपर्यंत गेलेल्या आजारात ते कामाचं नाही. सुरू करण्याआधी त्यांनी किडनी आणि लिव्हरच्या तपासण्या केल्या, कारण किडनी अशक्त असेल तर हे द्यायचं नसतं. मूल होऊ देण्याचा विचार आहे का तेही विचारलं. लघवी गडद पिवळी होईल, घाबरू नका. पण नवा कोरडा खोकला, धाप, पायाच्या बोटांना मुंग्या, डोळे पिवळे, यातलं काही दिसलं तर त्या रात्रीपासून गोळी बंद करायची आणि यायचं. महिनोन्महिने घेतल्यावर क्वचित फुप्फुसाला इजा होते आणि ती सुरुवातीला साध्या खोकल्यासारखीच दिसते.

तीन महिन्यांनी बघू, सहा महिन्यांनी थांबू, असं ठरलं. तारीख त्यांनी चिठ्ठीवर लिहिली. मला ती तारीख आवडली. शेवट ठरलेलं औषध घ्यायला धीर येतो.

ते सहा महिने कोरडे गेले. म्हणजे चांगल्या अर्थानं. कार्तिकातली लग्नं, दोन केंद्रस्तरीय प्रशिक्षणं, तुळजापूरची एक फेरी, काहीच झालं नाही. पोटात थोडं मळमळायचं, म्हणून जेवणाच्या शेवटच्या घासाबरोबर घ्यायला लागले. एका रात्री गोळी हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते. एवढी बारीक गोळी, आणि तिच्यामुळं मी बसमध्ये खिडकीशी डोकं टेकून झोपू शकत होते, पुढचं स्टँड किती लांब आहे हे न मोजता. त्याच वेळी भीतीही होती की हिच्याशिवाय मला आता जमणारच नाही. माघात गोळी थांबली. अकरा आठवड्यांनी पुन्हा जळजळ झाली. मी खचले. डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं की घेत आहात तोवरच हिची राखण असते, ती आजाराचं मूळ काढत नाही. पण सांगितलेलं आणि घडलेलं यात अंतर असतंच. त्या म्हणाल्या, एकदा झालं म्हणजे पहिल्यासारखं झालं असं नाही. डबी, रिपोर्ट, पाच दिवस. पुन्हा रोजचं सुरू करायची घाई नको, जंतू याही औषधाला सरावू शकतो. परत वारंवार व्हायला लागलं तर अँटिबायोटिक नसलेली मिथेनामाइन नावाची गोळी असते, तिचा विचार करू. 2022 साली ब्रिटनमध्ये 240 बायकांवर झालेल्या चाचणीत ती रोजच्या अँटिबायोटिकच्या जवळपास ठरली होती. अजून तिची वेळ आलेली नाही. त्यानंतर सव्वा वर्षात मला एकदाच उन्हाळी लागली आहे.

माझं बघून आत्याबाईंनी एक दिवस सांगितलं की त्यांनाही होतं, कित्येक वर्षांपासून. "आता या वयात कुणाला सांगावं की." त्या पासष्टच्या. त्यांची गोष्ट माझ्यासारखी नव्हती. पाळी गेल्यावर तिथलं अस्तर पातळ आणि कोरडं होतं, राखणदार जंतू फारसे उरत नाहीत. त्यांना रोजची गोळी न देता आधी योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम दिलं, सुरुवातीला दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. फरक पडायला काही महिने लागले, पण पडला. पुढं एकदा शुगरच्या तपासणीबरोबर कोणीतरी त्यांची लघवी कल्चरला पाठवली आणि त्यात जंतू आले. त्यांना जळजळ नव्हती, काहीच नव्हतं. मी घाबरून रिपोर्ट घेऊन पळाले. डॉक्टरबाईंनी तो बाजूला ठेवला. त्रास नसताना नुसता कागद बघून औषध द्यायचं नसतं, गरोदर बाई किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया हे वेगळं, म्हणाल्या. आत्याबाईंना ते फार पटलं. मला पटायला रात्र गेली.

तर त्या मंगळवारी काउंटरवर मला हे सगळं येत होतं. शब्द न् शब्द. मुलगी दोन फुटांवर होती आणि मी आत्याबाईंच्या गोळ्यांची नावं मनात घोळत गप्प राहिले, कारण पुरुष उभे होते, कारण ती लाजत होती, कारण मीही अजून लाजते. तिचा क्लास तीन-तीन तासांचा असणार, मध्ये उठलं तर सूत्र चुकेल म्हणून ती पाणी पीत नसणार. दोन गोळ्यांनी तिला सकाळी बरं वाटलं असेल. नसेल वाटलं तर ती कुशीत दुखतंय हे कोणाला सांगणार होती? खोलीवर आई नाही.

दोन दिवसांनी मी परत त्याच मेडिकलवर गेले. दुकानदार ओळखीचा आहे, वाईट माणूस नाही. त्याच्याकडं पहाटे चारलाही ओआरएस मिळतं. मी त्याला म्हणाले, भाऊ, अशी मुलगी आली तर निदान ताप आहे का, पाठीत दुखतं का एवढं विचारत जा, आणि गोळीच्या आधी तपासणीला पाठवत जा. तो म्हणाला, "मॅडम, मी दिलं नाही तर ती पुढच्या दुकानात जाते." खरं होतं ते. मी मागं पाहिलं. त्याच्या डोक्याच्या वर, सुयांच्या खोक्याशेजारी, निळ्या झाकणाच्या निर्जंतुक डब्या प्लास्टिकच्या माळेत लटकत होत्या. कात्रीपासून हातभर अंतरावर. मी दोन मागितल्या. त्यानं माळेतून कापून दिल्या.

त्या पर्समध्ये असतात. एक मागच्या आठवड्यात आमच्या सातवीच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईला दिली, मधल्या सुट्टीत, खिळ्यावरच्या किल्लीशेजारी उभं राहून. तिनं ती पदराखाली घेतली आणि विचारलं, "आधी डबी, मग गोळी, असंच ना मॅडम?"